हरकतीची मुदत

परदेशातून गावी यायचं तर विमानाचं तिकीट सगळ्यात शेवटी काढावं, असं माझं ठाम मत आहे. आधी तलाठ्याचे वार बघावेत, मग मंडळ अधिकाऱ्याचे, मग मावशीचे. एवढं जुळलं की उरलेल्या दिवसांत एखादं विमान बसतंच. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात विमान मिळणं ही सगळ्यात सोपी गोष्ट आहे, कारण ते तिथं येतच नाही.

बाबा पोळ्यानंतर गेले. शेत त्यांच्या नावावर. घरात वेचणीचा कापूस छताला टेकायला आलेला, आणि सरकारी खरेदी केंद्रावर तो घालायचा तर सातबारा जिवंत माणसाच्या नावाचा लागतो. म्हणजे वारस नोंद करणं आलं. वारस चार: आई, मी, धाकटा भाऊ आणि पुसदला दिलेली बहीण. रजा माझी तीन आठवड्यांची. स्टुटगार्टमधल्या माझ्या साहेबाला वाटतं तीन आठवड्यांत माणूस अख्खी पृथ्वी बघून येतो. त्याला फेरफार माहीत नाही.

या कामात सगळा पेच एकाच आकड्याचा आहे, आणि तो आकडा आहे 15. तलाठी तुमचा अर्ज घेऊन फेरफाराच्या रजिस्टरमध्ये नोंद धरतो, सगळ्या हितसंबंधितांना नोटीस काढतो, आणि कुणाची हरकत असेल तर ती येण्यासाठी 15 दिवस थांबावं लागतं. ते संपल्याशिवाय मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करत नाहीत. इथं ओळख चालत नाही, चहा चालत नाही. आमच्या काकाजींनी दोन्ही चालवून पाहिलं.

आता हिशेब बघा. समजा मी शनिवारी गावात पोचलो. शासनाचा आठवडा 2020 पासून पाच दिवसांचा आहे, म्हणून शनिवार-रविवार गेले. सोमवारी तलाठी साहेब साझ्यातल्या दुसऱ्या गावी. मंगळवारी भेट झाली, त्यांनी कागद बघून वारसाचं प्रतिज्ञापत्र मागितलं. बुधवारी तालुक्याला सेतू केंद्रात. गुरुवारी 25 डिसेंबर, सुट्टी. शुक्रवारी अर्ज स्वीकारला आणि त्याच दिवशी नोंद धरली, असं गृहीत धरू (असं गृहीत धरणाऱ्याला गावात फार मान मिळत नाही). तिथून 15 दिवस मोजले की मुदत संपते तिसऱ्या आठवड्यानंतरच्या शनिवारी. त्याच शनिवारी पहाटे माझं विमान मुंबईहून उडालेलं असतं. सातबारा बाबांच्या नावावर, कापूस घरात, आणि मी ढगात.

म्हणून नोंद मी पोचायच्या आधीच धरली जायला हवी होती. शासनाची ई-हक्क नावाची सोय आहे, तिथं वारस नोंदीचा अर्ज ऑनलाइन करता येतो. तो भावानं भरायचा आणि मी इकडून कागद तपासायचे, असं ठरलं. हे ठरवणं फोनवर अगदी सोपं गेलं.

अडचण आली ओटीपीची. माझं भारतातलं सिम मी गावीच ठेवलंय. रिचार्ज थांबला की नंबर बंद होतो आणि आधार, बँक सगळं त्याच नंबराला बांधलेलं, म्हणून ते सिम आईच्या बटणांच्या फोनमध्ये आहे आणि तो फोन देवघरातल्या फळीवर. स्वाक्षरीचा सातबारा काढायला मी इकडे नंबर टाकतो, तिकडे गणपतीशेजारी फोन टुणकन वाजतो, आणि मी दुसऱ्या फोनवरून आईला विचारतो.

"आई, आकडा आला का?"

"आला. तू जेवला का?"

"जेवलो. आकडा सांग."

"काय जेवला?"

"आई, दहा मिनिटांत जातो तो!"

"तुयं जेवणबी दहाच मिनिटात होते. चार... आठ... थांब, चष्मा घेऊ दे. हा आठ हाय का शून्य?"

पंधरा रुपयांचा उतारा मिळायला अख्खी संध्याकाळ गेली, पण तो हाती आला म्हणून बरं झालं. मृत्यूच्या दाखल्यावर बाबा 'नामदेव' होते आणि सातबाऱ्यावर 'नामा'. गावात हा फरक कुणाला दिसत नाही, संगणकाला दिसतो, आणि त्यावर अर्ज अडकतो. दोन्ही नावं एकाच माणसाची आहेत, असं प्रतिज्ञापत्र आधीच जोडलं तर अर्ज परत येत नाही. हे गावी जाऊन कळलं असतं तर त्यापायी आणखी एक आठवडा गेला असता. परदेशातल्या कुणालाही मी एवढंच सांगेन: सामान भरण्याआधी सातबारा, दाखला आणि आधार ही तिन्ही नावं एका ओळीत लिहून बघा. निम्मी रजा तिथंच वाचते.

दुसरी अडचण माणसाची होती. काकाजींचं म्हणणं, "पोरीचं नाव कायले टाकतं? ते त सासरी सुखात हाय." त्यांना समजावून सांगितलं की सुखी असणं हे वारसा हक्क जाण्याचं कारण नाही, मुलगी वारस आहेच. तिला हिस्सा सोडायचा असेल तर ती नोंद झाल्यावर दुय्यम निबंधकाकडे नोंदणी करून हक्कसोडपत्र देईल, अर्जातून नाव गाळून नाही. काकाजींनी विचारलं, "अन् तिनं नाही सोडलं त?" बहीण फोनच्या दुसऱ्या टोकाला होती. ती म्हणाली, "काकाजी, मी सोडून नाही रायली." विषय संपला.

माझ्याबद्दलही एक शंका निघाली. परदेशात राहणाऱ्याला शेती घेता येत नाही ना? विकत घेता येत नाही, हे खरं. वारशानं आलेली मात्र ठेवता येते. ही बातमी ऐकून काकाजींचा चेहरा पुन्हा जरा उतरला.

नोंद धरली गेली. 'आपली चावडी' या संकेतस्थळावर आमच्या गावाचं नाव निवडलं की फेरफार आणि हरकतीची शेवटची तारीख दिसते. मी ऑफिसात रोज दुपारी ती उघडून बघायचो, शेजारचा जर्मन शेअर बाजार बघायचा. माझी तारीख माझ्या रजेच्या दुसऱ्या आठवड्यात पडली. मग मी तिकीट काढलं.

डिसेंबरचा मध्य मी मुद्दाम धरला होता. धनुर्मास लागतो, संक्रांतीपर्यंत लग्नं नसतात, म्हणजे लग्नाच्या पंगतीत जाणारे दिवस वाचतात. मला वाटलं, हे वाचलेले दिवस आरामाला ठेवू. विदर्भ एक्सप्रेसनं बडनेऱ्याला उतरलो, भाऊ गाडी घेऊन आला होता. दुसऱ्या दिवशी आईनं पाचला उठवलं. गावातले पाच म्हणजे माझ्या अंगातले रात्रीचे साडेबारा. मी म्हटलं, आई, आराम करायला आलोय. ती म्हणाली, "कर ना मंग. अंघोळ करून कर."

नातेवाइकांचं काम मात्र ऑनलाइन होत नाही. आणि त्यांच्याकडेही फेरफाराचं रजिस्टर असतं. कुणाकडे चहा घेतला, कुणाकडे जेवला, कुणाकडे नुसता उभ्या उभ्या गेला, सगळ्याची नोंद धरली जाते, नोटीस सगळ्या गणगोताला जाते आणि हरकत येतेच येते. फरक इतकाच की इथं मुदत संपत नाही. मामाकडे मी एक पोळी जास्त खाल्ली, हे दोन तालुके ओलांडून मावशीला त्याच संध्याकाळी कळलं होतं.

घरोघरी फिरायचं तर कापूस विकेपर्यंत मी फिरतच राहिलो असतो. म्हणून भावानं तोड काढली: शेतात रोडग्यांचा बेत करायचा आणि सगळ्यांना एकदम बोलवायचं. मजूर तूर काढत होते, बांधावर गोवऱ्यांचा जाळ केला. रोडगा म्हणजे कणकेत कणीक, तिच्यात पुन्हा कणीक, असा थरांचा गोळा. तो निखाऱ्यात पुरायचा आणि घाई करायची नाही. घाई केली की वरून करपतो, आत कच्चा. माझ्या मेहुण्यानं केली. काकाजींनी राखेतून काढलेला रोडगा फडक्यात धरून मूठ मारून फोडला, आतून वाफ आली, त्यांनी बोटानं थर उकलून बघितला, "झाला" म्हणाले आणि त्यावर तुपाची धार सोडली. वांग्याची भाजी, वरण, आणि जमलेले सगळे गप्प. तीन आठवड्यांत सगळे नातेवाईक एकाच वेळी गप्प असण्याची ही एकमेव घटना.

मी लिंबाखाली बाज टाकून आडवा झालो. डोळा लागतोय तोवर मावशी येऊन उशाशी बसली.

"काऊन रे, आमच्या घरी पाय नाही लावला."

"मावशी, तुम्ही सगळे इथं आलातच ना."

"इथं त आम्ही आलो. तू कुठं आला?"

या हरकतीवर महसूल खात्याकडे तोडगा नाही. मी उद्या येतो म्हणालो. उद्या तलाठी कार्यालयात बहिणीची आणि माझी नोटिशीवर सही होती, उद्याच बँकेत माझं साधं खातं अनिवासी खात्यात बदलायचं होतं, आणि परवा चौथा शनिवार, बँक बंद. हे सगळं मी मावशीला समजावलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग सकाळी येतं का संध्याकाळी?" सकाळी गेलो.

मुदत संपली, हरकत आली नाही. काकाजींचीही नाही. साहेब नागपूरच्या अधिवेशनाची माहिती पाठवण्यात गुंतलेत असं दोन वेळा ऐकावं लागलं, पण जायच्या आदल्या आठवड्यात नोंद प्रमाणित झाली आणि ओसरीवर बसून भावानं फोनवर नवा सातबारा उघडला. चार नावं, त्यात माझं. दुसऱ्या दिवशी कापूस भरायला गाडी ठरली. मी म्हटलं, चला, आता उरलेल्या दिवसांत तरी जरा झोपतो, शेवटी सुट्टीवर आलोय.

मावशी तिथंच तूर पाखडत बसली होती. तिनं सूप खाली ठेवलं.

"नाव लागलं ना सातबाऱ्यावर? मंग आता कायची सुट्टी? शेतकऱ्याले सुट्टी रायते का कुठं? उठ, पोते धरू लाग."