एकेक एक्स्टेन्शन बंद करूनही दोष सापडत नाही तेव्हा

वाचकाची प्रतिक्रिया: तुम्ही लिहिल्याप्रमाणे क्रोममधली १४ एक्स्टेन्शन्स तपासली. एक बंद केलं, पाहिलं, परत चालू केलं, मग पुढचं. वीजबिल भरताना ओटीपीची चौकट काही येत नाही, नुसतं चक्र फिरत राहतं. नवीन प्रोफाइल काढलं तर पहिल्या फटक्यात आली. मग सरळ ‘नवीन प्रोफाइल काढा’ असंच का सांगत नाही? लोकांचा वेळ का घालवता?

उत्तर: नमस्कार. तुम्ही नेमकं काय केलंत ते क्रमाने लिहिलंत, म्हणून गोष्ट कुठे अडली असावी याचा अंदाज बांधता येतो.

‘परत चालू केलं’ हे तीन शब्द महत्त्वाचे आहेत. जाहिराती अडवणारं एक आणि ट्रॅकर अडवणारं दुसरं, अशी दोन एक्स्टेन्शन्स तुमच्याकडे आहेत असं धरा. पैसे भरण्याच्या पानावरची ओटीपीची चौकट पुष्कळदा दुसऱ्याच सर्व्हरवरून येते आणि ती स्क्रिप्ट ही दोघंही अडवू शकतात. पहिलं बंद केलं की दुसरं अडवतं. पहिलं चालू करून दुसरं बंद केलं की पुन्हा पहिलं अडवतं. अशा जोडीपुढे एकेक बंद करून पाहण्याची पद्धत हरते. १४ च्या १४ निर्दोष ठरतात आणि बिल काही भरलं जात नाही.

म्हणून उलटीकडून सुरुवात करा. `chrome://extensions` उघडा आणि सगळी बंद करा. ‘Remove’ करू नका, कारण त्याने एक्स्टेन्शनची साठवलेली माहितीही जाते. नुसतं बटण सरकवा. मग बिलाचं पान रीलोड करा. हे प्रत्येक वेळी करायचं. एक्स्टेन्शनने उघड्या पानात आधीच घातलेला कोड ते बंद केल्यावरही तिथेच राहतो, पान पुन्हा उघडल्यावरच जातो. पैसे भरण्याच्या पानावर मधूनच रीलोड केलं तर व्यवहार तुटतो, तेव्हा बिलाच्या पहिल्या पानापासून सुरू करा आणि ओटीपीची चौकट दिसली की तिथेच थांबा. ओटीपी टाकायची गरज नाही.

सगळं बंद असताना चौकट आली, तर सात चालू करा. पुन्हा अडलं तर त्या सातांत किमान एक दोषी आहे; त्यातली चार ठेवा, तीन बंद करा, आणि असंच निम्मं करत जा. चौदांतून एकापर्यंत यायला चारेक फेऱ्या पुरतात. पण एक सापडलं म्हणून थांबू नका. ते बंद ठेवून बाकीची तेराही चालू करा. तरीही चक्र फिरत राहिलं, तर दुसरा साथीदार त्या तेरांत आहे. पहिलं बंदच ठेवून त्याला तसंच शोधा.

दरम्यान F12 दाबून Console हा भाग उघडा ठेवा. लाल अक्षरांत अशी ओळ दिसली तर क्रोममधल्याच कशाने तरी, बहुधा एक्स्टेन्शनने, ती विनंती अडवली आहे:

```
net::ERR_BLOCKED_BY_CLIENT
```

कोणत्या एक्स्टेन्शनने अडवली ते ही ओळ सांगत नाही, पण अडवलेला पत्ता शेजारीच असतो. दोषी सापडल्यावर ते काढून टाकायचं कारण नाही. बहुतेक अडवणाऱ्या एक्स्टेन्शन्समध्ये एखाद्या साइटपुरतं बंद करायची सोय असते, ती वापरा.

आता नवीन प्रोफाइलबद्दल. ते उपयोगी आहेच, आणि तुमची चाचणी वाया गेलेली नाही: वीज कंपनीची साइट, बँक, इंटरनेट हे सगळं ठीक आहे, हे तिच्यामुळे कळलं. मात्र नवीन प्रोफाइलमध्ये एक्स्टेन्शन्स नसतात तशा जुन्या कुकीज, साठवलेली पानं आणि साइटला दिलेल्या परवानग्याही नसतात. त्यामुळे तिथे काम झालं एवढ्यावरून दोष एक्स्टेन्शनचाच होता असं म्हणता येत नाही. जुन्या प्रोफाइलमध्ये सगळी एक्स्टेन्शन्स बंद करूनही चौकट आली नाही, तर मात्र एक्स्टेन्शन्सचा नाद सोडा आणि त्या साइटच्या कुकीज पुसून पाहा. शिवाय कायमचंच नवीन प्रोफाइल वापरायला लागलात, तर आठवड्याभरात तीच दोन एक्स्टेन्शन्स तिथेही येऊन बसतील, कारण तुम्हाला ती हवीच आहेत.

चाचणीसाठी प्रोफाइल काढताना त्यात गूगल खात्याने साइन-इन करू नका. सिंक सुरू झालं की जुनी एक्स्टेन्शन्स मागोमाग उतरतात. लॅपटॉप ऑफिसचा असेल तर आणखी एक बघा: आयटी विभागाने सक्तीने बसवलेलं एक्स्टेन्शन नव्या प्रोफाइलमध्येही येऊ शकतं आणि त्याचं बटण तुम्हाला सरकवता येत नाही. `chrome://policy` या पानावर `ExtensionInstallForcelist` असं नाव दिसलं, तर त्यापुढची यादी आयटीवाल्यांना दाखवा आणि बिल दुसऱ्या यंत्रावरून भरा.