डबा भिंतीला पाठ लावून ठेवा

प्री-वर्कआउटचा, म्हणजे व्यायामाआधी पाण्यात हलवून प्यायच्या पावडरीचा डबा घरी आणलात ना? मग पहिलं काम हे करा, की त्याची मागची बाजू भिंतीला लावून ठेवा. पुढची बाजू किती छान आहे बघा. वीज कडाडतेय, बैल फुरफुरतोय आणि ठळक आकड्यात छापलंय, '60 सर्व्हिंग'. मागे नुसतं बारीक टायपातलं कोष्टक असतं. ते वाचायला आपण काय तलाठी आहोत का?

माझा पुतण्या हा नियम काटेकोर पाळतो. सात रस्त्याजवळ जिमला जातो, संध्याकाळी 7 ला. जायच्या आधी डब्यातला स्कूप शिगोशीग भरायचा, बाटलीत टाकायचा, हलवायचा, गट्टम. परवा रात्री दीडला गच्चीत फेऱ्या मारताना सापडला. म्हणाला, "उकाडा आहे हो काका." सोलापूरच्या मे महिन्यावर ढकललं की काहीही खपतं.

सकाळी तो झोपलेला असताना मी डबा फिरवला. (तुम्ही असलं काही करू नका.) डबा 300 ग्रॅमचा. 60 सर्व्हिंग म्हणजे एक सर्व्हिंग 5 ग्रॅमची. त्यात कॅफिन 150 मिलिग्रॅम. इथवर सगळं सभ्य. पण सर्व्हिंगच्या पुढे कंसात दोन शब्द होते: 'अर्धा स्कूप'. आता अर्धा स्कूप कोण घेतं? स्कूप दिलाय तो भरायलाच ना! शेजारच्या रकान्यात 100 ग्रॅमला 3000 मिलिग्रॅम कॅफिन असंही लिहिलं होतं. हा रकाना तर मुळीच बघू नका, कारण सर्व्हिंग कितीही लहान दाखवली तरी तो बदलत नाही. तुम्ही पावडर किती ग्रॅम घेतली एवढं कळलं, की तो गुपचूप खरा हिशेब सांगून टाकतो. या डब्यात ग्रॅममागे 30 मिलिग्रॅम.

राहिलं वजन. वहिनी घरून शेंगा चटणीच्या ऑर्डरी घेतात, त्यामुळे ग्रॅमचा डिजिटल काटा घरात आहे. त्यावर वाटी ठेवून शून्य केलं. सपाट भरलेला स्कूप 10 ग्रॅम भरला, म्हणजे 300 मिलिग्रॅम. मग चिरंजीवांच्या हातासारखा शीग लावून भरला. 13 ग्रॅम! 390 मिलिग्रॅम. युरोपातल्या अन्नसुरक्षा संस्थेने 2015 मध्ये निरोगी प्रौढ माणसासाठी एका वेळी 200 आणि दिवसभरात चहा-कॉफी सगळं धरून 400 पर्यंत ठीक, असं सांगितलंय. पण ती थंड प्रदेशातली माणसं, त्यांचं आपण कशाला ऐकायचं? कॅफिन अंगातून निम्मं व्हायला साधारण 5 तास लागतात, माणसागणिक कमीजास्त. म्हणजे रात्री 12 ला याच्या अंगात 195 मिलिग्रॅम शिल्लक. दोन कडक कॉफ्या पिऊन गादीवर पडल्यासारखं. उकाडाच तो, दुसरं काय!

तरी त्याची तक्रार अशी, की आता पूर्वीसारखी 'किक' बसत नाही, मुंग्या येत नाहीत, म्हणून शीग वाढवली. मुंग्या आल्या की माल अस्सल, हे जिममधलं ब्रह्मवाक्य आहे, त्यावर शंका घेऊ नका. चेहऱ्याला, कानाला येणाऱ्या त्या मुंग्या पावडरीतल्या बीटा-ॲलानिन या दुसऱ्या घटकाच्या असतात, कॅफिनच्या नव्हेत, आणि त्या निरुपद्रवी असतात. पण मुंग्यांसाठी वाढवलेल्या प्रत्येक चिमटीबरोबर कॅफिनही आत जातं, ते मात्र मुंग्या आणत नाही. छातीत धडधड आणतं.

क्रिएटिन ही जिमवाल्यांची दुसरी पावडर, तिच्या डब्याला तर वेगळा स्कूप वापरूच नका. त्यात बारका 3 ग्रॅमचा चमचा येतो, तो पावडरीत खोल बुडालेला असतो. कोण उकरत बसणार? प्री-वर्कआउटचाच मोठा स्कूप त्यात घालायचा. आमच्या घरी तसंच चालतं. 250 ग्रॅमचा डबा 3 ग्रॅमने 83 दिवस जातो, तो 10 ग्रॅमने 25 दिवसांत संपतो, वर पोटही बिघडतं. मग म्हणायचं, माल हलका निघाला. क्रिएटिनला किक नसते, कॅफिनही नसतं. रोज 3 ते 5 ग्रॅम घेत राहिलं की तीन-चार आठवड्यांत ते स्नायूंत साठतं, सकाळी घ्या नाहीतर रात्री. असला सरळ, कंटाळवाणा पदार्थ कुणाला पटणार?

एवढं सांगूनही काटा वापरायची हुक्की आलीच, तर निदान नंतर तो पुसून ठेवा. आमच्याकडे तो तसाच राहिला आणि वहिनींनी त्यावर पाव किलो चटणी मोजून पार्क चौकातल्या गिऱ्हाईकाला धाडली. त्यांचा अजून फोन आलेला नाही. जागे असतील तर येईल.