‘गायब होणारे मेसेज’ आणि एका जागरूक वाचकाला उत्तर

“सोसायटीच्या ग्रुपवरून नंबर उचलायचा, शेजारणीला गोड मेसेज टाकायचे, वर ‘गायब होणारे मेसेज’ लावा म्हणे! हा सरळसरळ पुरावा मिटवायचा सल्ला आहे. ती बाई जाणार कुठे? लिफ्टमध्ये रोज तुमचंच तोंड.” – एक जागरूक वाचक

जागरूक वाचक,

सोसायटीतल्या शेजारणीला मनातलं मेसेजमधून कसं कळवावं, या माझ्या लेखावर तुम्ही हे लिहिलंत. पण ‘वर लावा म्हणे’ ही बोलायची कुठली पद्धत? मतभेद असू द्या, पण मी काही तुमच्या मुलीच्या लग्नात जेवून निंदा केलेली नाही.

नंबराचं मान्य. ‘नंबर ग्रुपवर असतोच’ हे वाक्य मी घाईत लिहिलं. आधी समोरासमोर विचारायला हवं, ते वाक्य बदलतो.

पण पुरावा? व्हॉट्सअ‍ॅपवर ही सोय सुरू केली की चॅटमध्ये तशी ओळ उमटते, ती दोघांनाही दिसते. २४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवस, जी मुदत लावाल ती संपली की मेसेज आपोआप मिटतात. तिला नको असेल तर ती स्वतः बंद करू शकते, आणि स्क्रीनशॉट काढायला तिला कुणी अडवत नाही. म्हणजे मिटवायचंच असेल तर हे फारच कुचकामी हत्यार आहे. मी ते सुचवलं ते घरातल्या दुसऱ्यांसाठी. चार्जिंगला लावलेला फोन भाचा उचलतो, लॅपटॉपवर व्हॉट्सअ‍ॅप उघडंच राहतं, आणि लॉक असलेल्या पडद्यावरही मेसेजची पहिली ओळ झळकते. तेवढ्यावर आमच्या सोसायटीत आठवडाभर चघळायला पुरतं. ती ओळ सेटिंगमधून लपवा, हेही त्याच परिच्छेदात होतं. तिथपर्यंत वाचलंत का?

मी हे हवेत लिहीत नाही. मी एकटा राहतो, आणि ज्यांना मी मेसेज केला त्या बाई बी विंगमध्ये एकट्या राहतात. नंबर त्यांनीच दिला होता, टँकरचं कळवायला. माझा पहिला मेसेज होता, “टँकर सहाला येतोय. आणि मीटिंगला तुम्ही असलात की अजेंडा लवकर संपू नये असं वाटतं.” उत्तर आलं, “टँकरचं कळवलंत, थँक्स.” बस. दुसऱ्या वाक्याला उत्तर न देताही त्यांना बोलता आलं, म्हणून तर पहिलं वाक्य कामाचं ठेवायचं. मी पुढे एक स्मायलीसुद्धा पाठवली नाही. तीन आठवडे लिफ्टमध्ये फक्त “पाणी आलं का?” एवढंच.

लिफ्टबद्दलचा तुमचा टोला यातच निकालात निघाला असं मी समजतो. नको म्हटल्यावरही मागे लागणाऱ्यासाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ७८ आहे. तो माझ्या लेखाचा विषय नव्हता, आणि मला तशा माणसांत बसवायचं तुम्हाला कारणही नव्हतं.

चौथ्या आठवड्यात, पार्किंगवरून दोन तास भांडण झालेल्या मीटिंगनंतर, त्यांचा मेसेज आला: “आज अजेंडा लांबला बरं का.”

पुढचं सांगणार नाही. पुढच्या वेळी खऱ्या नावाने लिहा, मग मीही जरा गोड बोलेन.