गाडीच्या यूएसबीला फोन: त्या मेसेजमधलं काय चुकतं

“कुठलीही केबल घ्या, फोन गाडीच्या यूएसबीला लावा, तो पेनड्राइव्हसारखाच चालतो. गाणी फोनमध्ये कुठेही, कुठल्याही फॉर्मॅटमध्ये असू दे, वाजतात. शिवाय फोन झटपट चार्ज होतो. होत नसेल तर स्टिरिओ खराब आहे, बदलून टाका.”

हा मेसेज वाचून घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीतले एक काका नवा स्टिरिओ बसवायला निघाले होते. त्यांच्या स्टिरिओत काहीच बिघाड नव्हता. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

पेनड्राइव्ह लावला की स्टिरिओ त्यातल्या फाइल्स थेट वाचतो. आजचे अँड्रॉइड फोन तशी मोकळीक देत नाहीत. ते एमटीपी नावाच्या पद्धतीने, स्टिरिओ मागेल तशी एकेक फाइल देतात, आणि तेही तुम्ही परवानगी दिल्यावरच. फोन लावला की तो आधी नुसता चार्ज होतो. कुलूप उघडून, वरून नोटिफिकेशन खाली ओढून File transfer निवडावं लागतं. तरीही पडद्यावर No Device येत असेल तर दोन शक्यता. एक, केबल फक्त चार्जिंगची आहे, म्हणजे तिच्यात डेटाच्या तारा नाहीत. तीच केबल लॅपटॉपला लावून बघा, फोनमधल्या फाइल्स दिसल्या नाहीत तर दोष तिचाच. दुसरी, स्टिरिओला एमटीपी कळत नाही. पेनड्राइव्ह चालतो पण फोन चालत नाही, असं झालं तर बहुतेक हेच. काकांचं हेच होतं.

स्टिरिओला एमटीपी कळत असेल तरी “कुठेही” ठेवलेली गाणी त्रास देतात. स्टिरिओ गाणी शोधायला सगळा फोन चाळतो: व्हॉट्सअॅपचे फोटो, व्हिडिओ, सगळं. पडद्यावर Reading बराच वेळ राहतं ते त्यामुळे. शिवाय किती फोल्डर, किती फाइल्स आणि किती खोल वाचायचं याला प्रत्येक स्टिरिओची मर्यादा असते आणि ती मॅन्युअलमध्ये दिलेली असते. गाणी Music फोल्डरमध्ये, आत एकच पायरी फोल्डर करून ठेवा.

फॉर्मॅटच्या बाबतीत एक प्रश्न विचारला की गोंधळ संपतो: गाणं उलगडतंय कोण? ब्लूटूथ, अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्लेवर फोन स्वतः गाणं उलगडतो आणि गाडीला फक्त आवाज मिळतो. तिथे फोनवर वाजणारं सगळं गाडीतही वाजतं. यूएसबीवरून फाइल वाचताना मात्र उलगडायचं काम स्टिरिओचं असतं. एमपी3 जवळपास सगळ्यांना जमतं, फ्लॅक काहींनाच, आणि व्हॉट्सअॅपच्या व्हॉइस मेसेजची .opus फाइल बहुतेकांना नाही. काकांना गणपतीतली आरती तशीच आली होती. नाव बदलून आरती.mp3 केलं तरी आतला मजकूर ओपसच राहतो, त्यामुळे पेनड्राइव्हवरून लावली तरी स्टिरिओ ती वगळून पुढे जात होता. कॉम्प्युटरवर खरं रूपांतर केल्यावर वाजली:

```
ffmpeg -i aarti.opus -b:a 192k aarti.mp3
```

गाण्यांच्या अॅपमधून ऑफलाइन डाउनलोड केलेली गाणी मात्र कुलूपबंद असतात. ती स्टिरिओला कधीच दिसणार नाहीत, ती ब्लूटूथ, अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्लेवरच ऐका.

आता चार्जिंग. गाणी वाजवणारा साधा यूएसबी 2.0 पोर्ट फाइल्सची देवाणघेवाण चालू असताना जास्तीत जास्त 500 मिलिअँपिअर देतो. पाच व्होल्टला हे होतात अडीच वॅट. आजच्या 5000 एमएएचच्या बॅटरीत साधारण 19 वॅट-तास मावतात, म्हणजे फोन काहीच करत नसला तरी ती भरायला आठ तासांच्या आसपास लागतील. काका मॅप लावून, पडदा उजळ ठेवून ऐरोलीमार्गे बेलापूरला जातात. मॅप, पडदा आणि नेटवर्क मिळून एवढी वीज सहज खातात. म्हणून फोनवर चार्जिंगची खूण दिसायची आणि टक्के मात्र उतरायचे. काही गाड्यांचा डेटा पोर्ट दीड अँपिअर देतो, नव्या टाइप-सी पोर्टना त्याहून जास्तही जमतं. पण पोर्टजवळ काय छापलंय आणि मॅन्युअल काय म्हणतं, ते बघितल्याशिवाय गृहीत धरू नका.

काकांची व्यवस्था अशी लावली. फोन 12 व्होल्टच्या सॉकेटमधल्या चार्जरवर, आणि गाणी 32 जीबीच्या पेनड्राइव्हवर, एफएटी32 मध्ये फॉरमॅट करून. मोठे पेनड्राइव्ह बहुधा एक्सफॅटमध्ये येतात आणि बऱ्याच जुन्या स्टिरिओंना ते वाचता येत नाही. गाण्यांच्या नावांपुढे 01, 02 असे आकडे घातले आणि त्याच क्रमाने एकेक कॉपी केली, कारण अनेक स्टिरिओ नावाच्या नव्हे तर कॉपी झाल्याच्या क्रमाने वाजवतात. मध्येच एखादं नवीन गाणं घालायचं असेल, तर तो फोल्डर पुसून पुन्हा सगळा क्रमाने कॉपी करावा लागतो.