‘बहुधा’ गाळला की बातमीचा अर्थ बदलतो

बातमी लिहिताना दुसऱ्याचं बोलणं आपल्या शब्दांत मांडायचं, म्हणजे नेमकं काय सांभाळायचं? नव्या उपसंपादकांना मी नेहमी एकच प्रकरण दाखवतो.

२६ एप्रिल २०२१. मद्रास हायकोर्टात करूर मतदारसंघातल्या मतमोजणीच्या वेळी कोरोनाचे नियम पाळले जावेत, यासाठीच्या याचिकेवर सुनावणी सुरू होती. मुख्य न्यायमूर्ती संजीब बॅनर्जी निवडणूक आयोगाच्या वकिलांवर संतापले. दुसऱ्या लाटेला तुमची संस्थाच जबाबदार आहे आणि तुमच्या अधिकाऱ्यांवर बहुधा खुनाचे गुन्हे दाखल व्हायला हवेत, अशा आशयाचं ते बोलले.

आता बातमीचं हे वाक्य पाहा: ‘निवडणूक आयोगावर खुनाचा गुन्हा दाखल करा, हायकोर्टाचा आदेश.’ यात तीन गोष्टी बिघडल्या. ‘बहुधा’ गेला, त्यामुळे संतापाच्या भरातलं मत ठाम मागणी झालं. ‘अधिकाऱ्यांवर’चं ‘आयोगावर’ झालं. आणि सगळ्यात घातक म्हणजे ‘आदेश’. त्या दिवशीच्या लेखी आदेशात न्यायमूर्तींचा तो शेरा नव्हताच, ते सुनावणीतलं तोंडी बोलणं होतं. सुप्रीम कोर्टानंही ६ मे २०२१ च्या निकालात हेच धरलं: तोंडी शेरा कामकाजाच्या नोंदीचा भाग नाही, म्हणून तो वगळण्याचा प्रश्नच येत नाही. मात्र सुनावणीत जे बोललं जातं त्याच्या बातम्या द्यायला माध्यमांना रोखायला कोर्टानं नकार दिला. म्हणजे छापा, पण ते काय आहे ते सांगून छापा.

मी ती बातमी अशी लिहीन: ‘निवडणूक आयोगाच्या अधिकाऱ्यांवर बहुधा खुनाचे गुन्हे दाखल व्हायला हवेत, असं मद्रास हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती संजीब बॅनर्जी सोमवारी सुनावणीदरम्यान तोंडी म्हणाले. लेखी आदेशात मात्र या शेऱ्याचा उल्लेख नाही.’ अवतरणचिन्हं मी टाळीन. ते इंग्रजीत बोलले होते, मराठी शब्द माझे आहेत. अवतरणात टाकले तर वाचक ते त्यांचेच समजेल.

खरी गफलत पुढच्या परिच्छेदात होते. पहिल्या वाक्यात ‘असं ते म्हणाले’ येतं आणि दुसरं सुरू होतं: ‘दुसऱ्या लाटेला आयोगच जबाबदार आहे. प्रचारसभा रोखल्या नाहीत.’ इथे बोलतोय कोण? न्यायमूर्ती की वार्ताहर? वाचकाला ते सिद्ध झालेलं सत्य वाटतं. म्हणून दर नव्या दाव्याला ‘त्यांच्या मते’ किंवा ‘असंही त्यांनी सुनावलं’ जोडायला मी आग्रह धरतो. वाक्यं थोडी जड होतात, चालेल.

छापण्यापूर्वीची माझी तपासणी अशी: मूळ बोलणं आणि माझं वाक्य शेजारी ठेवायचं, आणि बहुधा, जर, काही, कदाचित अशा शब्दांवर आधी बोट फिरवायचं. शीर्षक करताना हेच शब्द जागेअभावी पहिले उडतात, म्हणून शीर्षकाची तपासणी मी शेवटी आणि वेगळी करतो.