चप्पल लागून आलेला फोड सुईने फोडू नका

"नवीन कोल्हापुरी लागून फोड आला तर सुईने फोडा, वर कापूस दाबून चिकटपट्टी लावा."

हा मेसेज कृपया पुढे पाठवू नका. फोडावरची कातडी जंतूंना अडवते, ती राहू द्या. कापसाचे तंतू ओल्या जखमेत रुततात. ड्रेसिंग करताना मी ते चिमट्याने एकेक काढते, तेव्हा पेशंट अक्षरशः कळवळतो. फोड शाबूत असेल तर जिची मधली गादी फोडापेक्षा मोठी आहे अशी पट्टी घ्या, म्हणजे चिकट भाग फोडाला लागत नाही. आपोआप फुटला तर साबण-पाण्याने धुवा, कातडी न काढता व्हॅसलिनचं जाळीदार गॉज आणि वर कोरडं गॉज ठेवा. ओलं झालं की बदला. पू किंवा पसरणारी लाली दिसली, किंवा मधुमेह असेल, तर थेट डॉक्टरांकडे जा.