खांदे खाली, सर!

परवा भर वर्गात, बारा मुलांच्या देखत, सत्तरी ओलांडलेल्या एका गृहस्थांनी मला पाठ सरळ करून बसायला सांगितले. वर्ग माझा, विषय माझा, आणि 'पाठ सरळ' हे वाक्यसुद्धा माझेच, त्यामुळे तो अपमान अजून घशाखाली उतरलेला नाही.

मी पाचवी-सहावीच्या मुलांना कीबोर्डवर टंकलेखन शिकवतो. रोज पंधरा मिनिटे, त्याहून अधिक नाही, कारण थकलेली बोटे अक्षरे पाठ करण्याऐवजी चुका पाठ करतात. पहिला आठवडा फक्त मधल्या ओळीचा असतो. डाव्या हाताची चार बोटे a s d f वर आणि उजव्या हाताची j k l ; वर ठेवायची, आणि f व j वरचे बारीक उंचवटे तर्जनीला लागले की न पाहता हात घरी पोहोचले असे समजायचे. बॅकस्पेसला मात्र बंदी, कारण चूक पुसली की ती का झाली याचा पुरावाही पुसला जातो.

या बारांपैकी एकीचे आजोबा तिला न्यायला येतात आणि तास संपेपर्यंत मागच्या बाकावर बसून राहतात. कोर्टात तीस वर्षे टंकलेखक होते, हे त्यांनी मला पहिल्या दिवशी सांगितले आणि त्यानंतर रोज सांगत आले आहेत.

परवा मी dad flask salad fall ही ओळ दिली. नातीच्या पडद्यावर dad f;asl sa;ad fa;; असे उमटले. मी नेहमीच्या आवाजात म्हणालो, "घाई नको. लक्ष दे."

"लक्ष आहे तिचं," मागून आवाज आला. आजोबा चष्मा चढवत पुढे आले, मला कोपराने अलगद बाजूला केले आणि पडद्यावर बोट ठेवले. "सर, हे बघा. जिथं l हवा तिथं अर्धविराम, जिथं k हवा तिथं l. प्रत्येक वेळी एकच घर उजवीकडे. डावा हात एकदाही चुकलेला नाही. धांदरट पोर कुठंही चुकलं असतं. ही नेमकी चुकली आहे. बोटं बरोबर आहेत, उजवा हात सरकलाय."

मला हे दिसायला हवे होते, हे मान्य करायला मला दोन दिवस लागले आहेत.

"आणि सरकला का, तेही सांगतो," असे म्हणून ते खाली वाकले. नातीचे पाय अधांतरी लोंबकळत होते. पायांना आधार नसल्यामुळे ती खुर्चीत पुढे घसरत होती, धड उजवीकडे कलत होते, आणि धडाबरोबर हातही निघत होता. यात माझा दोष नाही, हे मी येथे नोंदवून ठेवतो. टेबले मोठ्यांच्या मापाची आहेत. खुर्ची खाली ठेवली तर मुलांचे खांदे कानाला लागतात, आणि कोपर कळांच्या उंचीवर यावे म्हणून उशी घालून वर बसवले तर पाय सुटतात. टेबलांचे पाय कापून द्या, असा अर्ज मी दोनदा दिला होता. 'टेबले मोजून घेतली आहेत,' असे उत्तर आले. कोणाला मोजून, ते त्यात नव्हते.

एवढ्यावर थांबले असते तर मी आजोबांचे आभारही मानले असते. पण ते म्हणाले, "आता तुम्ही दाखवा बरं, सर. पोरं बघून शिकतात."

मी बसलो. तीच ओळ टंकू लागलो.

"मनगट टेकलं."

मी मनगट उचलले.

"मान पुढं गेली. पडदा येतो का तुमच्याकडे? मग तुम्ही कशाला जाता?"

मी मान मागे घेतली.

"खांदे खाली, सर. खाली. अजून. पायाची अढी सोडा. आणि कळ दाबू नका, मारून सोडून द्या. तुमचा ठेका बिघडतोय, मला न बघता ऐकू येतंय. सोपी अक्षरं पळवता आणि करंगळीपाशी अडखळता."

बारा मुले आपली ओळ सोडून माझे खांदे पाहत होती. फ्लास्क शब्द मी त्या दिवशी flsak असा लिहिला, आणि बॅकस्पेसला बंदी माझीच असल्यामुळे तो तास संपेपर्यंत पडद्यावर तसाच राहिला.

काल आजोबा वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या चार विटा पिशवीतून घेऊन आले. दोन नातीच्या पायांखाली गेल्या. तिचे तळवे सपाट टेकले, आणि तिने सबंध ओळ बिनचूक टंकली. उरलेल्या दोन त्यांनी कोणालाही न विचारता माझ्या टेबलाखाली सरकवल्या. माझे पाय जमिनीला व्यवस्थित पोहोचतात. मी त्या विटा दाराला अटकाव म्हणून लावल्या आहेत, आणि दार उघडे राहिल्यामुळे आजोबा आता दहा मिनिटे आधीच आत येतात.